अंगभर खाज, पण पुरळ एकपण नाही? या चुका टाळा

एप्रिलमध्ये सोलापुरात कुणाला खाज सुटली की कारण ठरलेलंच, ऊन आणि घाम. माझ्या वहिनीचं पण तेच झालं. वय ३९, अंगभर खाज, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ म्हणावं असं काहीच नाही. दोन महिने तिनं साबण बदलले, बोअरचं पाणी बंद केलं, घरातल्या सगळ्या चादरी उकळून काढल्या आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब चोळत बसली.

पहिली चूक ती ट्यूबच. असल्या मिक्स क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, अंगभर लावत राहिलं तर कातडी पातळ होते आणि खरंच गजकर्ण असेल तर ते दबून राहतं, कळतच नाही.

दुसरी चूक, ओरखड्यांनाच पुरळ समजणं. वहिनीच्या हातापायावर लाल रेघा आणि खपल्या होत्या, आम्ही म्हणायचो ॲलर्जीच आहे. स्किनच्या डॉक्टरांनी आधी पाठ बघितली. पाठीच्या मधोमध, जिथं स्वतःचा हात पोचत नाही, तिथली कातडी एकदम साफ! म्हणजे खुणा रोगाच्या नाहीत, नखांच्या. मग बोटांच्या बेचक्या बघितल्या, घरात अजून कुणाला खाजतंय का विचारलं (खरूज असेल तर सहसा आणखी कुणालातरी असतेच), आणि रक्त तपासायला सांगितलं: सीबीसी, फेरिटिन, क्रिएटिनिन, लिव्हरची टेस्ट, टीएसएच. कारण किडनी, लिव्हर, थायरॉईड किंवा लोहाची कमतरता, कशानंही अशी खाज येऊ शकते.

तिसरी चूक सगळ्यात कॉमन, नुसतं हिमोग्लोबिन बघून रिपोर्ट घडी घालून ठेवायचा. वहिनीचं १२.१ होतं, म्हणजे कागदावर नॉर्मल. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, मात्र ६, खूपच कमी. हिमोग्लोबिन म्हणजे दुकानात मांडलेला माल आणि फेरिटिन म्हणजे गोदाम, गोदाम रिकामं झालं तरी दुकान थोडे दिवस भरलेलं दिसतं. पाळीत अंगावरून जास्त जायचं, ते तिनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. लिव्हरचं पण असंच, बिलिरुबिन नॉर्मल आहे म्हणून सुटलो असं नाही, अल्कलाईन फॉस्फेटेज पण बघावं लागतं. आणि गरोदर बाईला तळहात-तळपाय खाजत असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, बाळाला धोका असू शकतो.

लोहाची गोळी सुरू झाली तर वहिनी ती चहासोबतच घ्यायची! चहानं लोह अंगाला लागत नाही, दोन तासांचं अंतर ठेवायला लागलं. पाचेक आठवड्यांत रात्रीची झोप लागायला लागली, तशी ती गोळ्या बंद करणार होती, पण गोदाम भरायला अजून काही महिने लागतात असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिचं बघून माझ्या सासऱ्यांनी पण तपासलं, त्यांचं पण लोह कमी निघालं आणि ते तिच्याच गोळ्या खायला निघाले होते. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी निघालं तर रक्त कुठून जातंय ते आधी शोधतात, बऱ्याचदा पोटातून किंवा आतड्यातून. त्यांची एन्डोस्कोपी पुढच्या आठवड्यात आहे.