कर्मचाऱ्यांना द्यायच्या गोपनीयता सूचनेची तयारी

कर्मचाऱ्यांची कोणती माहिती कशासाठी घेतो आणि किती काळ ठेवतो हे सांगणारी ही सूचना लिहायला घेण्याआधी तयार नमुना शोधू नका. एक कागद निवडा आणि तो ऑफिसात कुठे कुठे फिरतो ते पाहा. मी आजारपणाच्या रजेसोबत येणारं डॉक्टरांचं सर्टिफिकेट निवडेन, कारण त्यावर आजाराचं नाव असतं आणि ते गरज नसलेल्यांच्याही हाती पडतं.

समजा, कर्मचारी ते मॅनेजरला मेल करतो, मॅनेजर एचआरला फॉरवर्ड करतो आणि एचआर रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतं. एका कागदाच्या तीन प्रती झाल्या. आता प्रत्येकाला त्यातलं नेमकं काय लागतं ते विचारा. मॅनेजरला माणूस कामावर कधी येणार एवढंच हवं असतं आणि पगार करणाऱ्याला रजेच्या तारखा. आजाराचं नाव या दोघांनाही नको. म्हणून आधी वाट बदला, सर्टिफिकेट थेट सॉफ्टवेअरमध्ये येऊ द्या, मग सूचना लिहा.

हेतू लिहिताना ‘प्रशासकीय कारणांसाठी’ म्हटलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘आजारपणाची रजा मंजूर करून पगाराचा हिशेब करण्यासाठी’ असं लिहा. सगळ्यावर संमतीची सही घेण्याचा मोहही टाळा. नोकरी देणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं कर्मचाऱ्याला अवघड असतं, त्यामुळे ती संमती खरी ठरत नाही. कायद्याने किंवा करारामुळे माहिती घ्यावी लागत असेल तर तेच कारण सांगा.

सगळ्यात जास्त वेळ माहिती किती काळ ठेवणार त्या मुदतीला द्या. नुसतं ‘तीन वर्षे’ अपुरं आहे. कधीपासून, सर्टिफिकेट दिल्यापासून की नोकरी सोडल्यापासून? पगाराच्या नोंदी किती काळ ठेवायच्या हे बहुधा कर आणि कामगार कायदेच ठरवतात, पण तीच मुदत सर्टिफिकेटला लावू नका. निवड न झालेल्या उमेदवारांच्या बायोडेटाची मुदत वेगळी लिहा. बॅकअपमधली प्रत कधी पुसली जाते हे आयटीकडून लेखी घ्या आणि मुदत संपलेली माहिती पुसण्याचं काम एका ठरावीक पदाकडे द्या. मग मुदत उलटून गेलेलं एखादं सर्टिफिकेट शोधून पाहा. ते सापडलं, तर सूचनेतली मुदत अजून फक्त कागदावर आहे.

स्वतःची माहिती कशी मागायची, हे लिहिताना नोकरी सोडून गेलेल्यांचा विचार करा. त्यांचा ऑफिसचा मेल बंद झालेला असतो, त्यामुळे एचआर पोर्टलची लिंक त्यांच्या उपयोगाची नाही. बाहेरून वापरता येईल असा पत्ता द्या, ओळख कशी पटवणार ते सांगा आणि उत्तराची मुदत लिहा. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ती साधारणपणे एक महिना आहे, तुमच्याकडचा कायदा तपासून घ्या. एखाद्या तक्रारीच्या फाइलमध्ये सहकाऱ्यांचीही नावं असतात. प्रत देण्याआधी ती नावं कोण झाकणार, हेही आताच ठरवा.

शेवटी एचआरमधल्याच कोणाला तरी स्वतःच्या माहितीसाठी रीतसर अर्ज करायला सांगा आणि सगळ्या प्रती गोळा करून बघा. मॅनेजरच्या मेलबॉक्समध्ये अजून सर्टिफिकेट निघालं, तर ते पुसून घेतल्याशिवाय सूचना वाटू नका. नव्या माणसाला ती जॉइनिंग फॉर्म भरण्याआधी मिळाली पाहिजे.