कबुतर चालताना मान का हलवतं? मोबाइल लावा आणि स्वतः बघा

चालत्या कबुतराचं डोकं मागे जातच नाही. ते झटक्यात पुढे जातं आणि हवेत एका जागी थांबतं, तेवढ्या वेळात अंग खालून पुढे सरकतं. आपली नजर अंगावर असते, म्हणून थांबलेलं डोकं मागे आल्यासारखं वाटतं. कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, मोबाइलवर तपासून घ्या.

सोलापुरात कबुतरांची कमी नाही. सिद्धेश्वर मंदिराचं आवार चालेल, मार्केट यार्डही चालेल. फरशीचे सांधे दिसणारी सपाट जागा हवी. सकाळी नऊच्या आत जा. नंतरच्या उन्हात मोबाइल तापतो आणि कबुतरंही सावलीत बसतात. ज्वारी टाकून त्यांना बोलावू नका: दाणे दिसले की ती सरळ चालायची सोडून टोचत बसतात, आणि आपल्याला सरळ चाल हवी आहे.

मोबाइलमध्ये स्लो मोशन लावा, सेकंदाला २४० फ्रेम असतील तर उत्तम. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका पावलाला जेमतेम सहा फ्रेम मिळतात, त्यात काहीच कळत नाही.

आता खरी गोम. बहुतेकांचं चित्रीकरण इथेच वाया जातं, कारण ते कबुतरामागे मोबाइल फिरवतात. पक्षी चौकटीच्या मधोमध राहावा म्हणून मोबाइल त्याच्या अंगाच्या वेगाने सरकतो, आणि मग व्हिडिओत डोकं खरोखरच मागे-पुढे झुलताना दिसतं. जो भास मोडायला निघालो, तोच पुन्हा तयार होतो. मोबाइल हातात धरूच नका. विटेला टेकवून जमिनीपासून वीतभर उंचीवर, आडवा ठेवा. दोन-तीन मीटर मागे राहून झूम करा, चौकटीत साधारण एक मीटर फरशी येऊ द्या. कबुतर चौकटीत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडेपर्यंत मोबाइलला बोट लावू नका. ते तिरकं चालत असेल, तर तो तुकडा टाकून द्या. तिरक्या चालीत पक्षी जवळ येत जातो आणि अंतरं फसवी होतात. गळा फुगवून मादीभोवती घुमणारा नरही नको, त्याचं वाकणं वेगळं असतं.

घरी व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्या. व्हीएलसीमध्ये `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवा आणि दर सहा फ्रेमनंतर डोळ्यावर लाल, छातीवर निळा ठिपका द्या. काही मोबाइल व्हिडिओची सुरुवात आणि शेवट नेहमीच्या वेगात ठेवतात, तेव्हा मधलाच भाग घ्या.

समजा कबुतर सेकंदाला पाच पावलं टाकतंय. म्हणजे एका पावलाला ४८ फ्रेम, आठ ठिपके. निळे ठिपके साधारण सारख्या अंतरावर पडत जातील. लाल ठिपक्यांचं तसं नाही: तीन-चार जवळजवळ एकाच जागी गर्दी करतात, मग मोकळी जागा, पुन्हा गर्दी. दर पावलाला एक गर्दी. गर्दी दिसलीच नाही, तर आधी फरशीचा सांधा तपासा. तोही हलला असेल तर दोष मोबाइलचा. सांधा जागेवर असेल तर कबुतर बहुधा पळत होतं. वेग वाढला की डोकं थांबण्याची वेळ आक्रसते.

या थांबण्याचं कारण नजरेत आहे. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे चालताना आजूबाजूचं दृश्य डोळ्यांसमोरून मागे सरकत जातं. धावत्या एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं पुसट दिसतात, तसंच. आपण बुबुळं फिरवून एखादी गोष्ट नजरेत धरून ठेवतो. कबुतराची बुबुळं तेवढी फिरत नाहीत, म्हणून ते काम मान करते. डोकं थांबतं तेवढा वेळ दृश्य स्थिर राहतं, मग फरशीवरचा दाणाही दिसतो आणि दबकत येणारं मांजरही. पुढच्या झटक्यात जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकतात. त्यावरून अंतराचा अंदाज येत असावा, पण ही गोष्ट थांबण्याइतकी पक्की नाही.

'तोल सांभाळण्यासाठी मान हलते' हे उत्तर मात्र विसरा. बॅरी फ्रॉस्ट या संशोधकाने १९७८ मध्ये कबुतरांना ट्रेडमिलवर चालवलं. पट्टा मागे जात होता आणि कबुतर पावलं टाकत होतं, पण जागचं हलत नव्हतं, त्यामुळे आजूबाजूचं दृश्यही स्थिर होतं. पावलं चालूच राहिली, मानेचं हलणं मात्र जवळजवळ बंद झालं. तोलासाठी मान लागत असती, तर ती तिथेही हलली असती.