बनाना ब्रेड चिकट किंवा चिवट का होतो?

बनाना ब्रेडच्या तळाशी ओलसर, चिकट थर राहिला, तर बहुधा केळी जास्त झालेली असतात. २ कप मैद्याला कुस्करलेली केळी १ ते सव्वा कप पुरतात, म्हणून ती नगावर न मोजता कुस्करून कपानेच मोजावीत. गोठवलेल्या केळ्यांना सुटलेले पाणी आधी गाळून घ्यावे. कापलेल्या तुकड्यात बोगद्यांसारखी लांबट छिद्रे दिसली आणि तो चिवट लागला, तर दोष अति ढवळण्याचा असतो, कारण ओला मैदा जितका घोटावा तितके त्यातले ग्लुटेन घट्ट होत जाते. कोरडे पीठ दिसेनासे होताच, गुठळ्या राहिल्या तरी, हात थांबवावा. भांडे ओव्हनच्या मधल्या जाळीवर ठेवावे. वरच्या जाळीवर कवच लवकर तांबूस होते, आपण फसतो आणि गाभा कच्चा राहतो.