डिग्रीज ऑफ फ्रीडम मोजताना या चुका टाळा

पाच संत्री तराजूवर ठेवली. वजनं ग्रॅममध्ये आली १५०, १६२, १४८, १५५ आणि १६०. बेरीज ७७५, सरासरी १५५. आता प्रत्येक संत्रं सरासरीपासून किती लांब आहे ते पाहू: −५, +७, −७, ० आणि +५. या पाच फरकांची बेरीज शून्यच येते, कारण सरासरी म्हणजे तेच. म्हणून पहिले चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, त्याला स्वतःचं काही सांगायचं उरत नाही. मोकळे आकडे चारच. डीएफ, म्हणजेच डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे हे मोकळे आकडे.

फरकांच्या वर्गांची बेरीज १४८ आहे. तिला ५ ने भागलं तर व्हेरिअन्स २९.६ येतो, ४ ने भागलं तर ३७. आपण सरासरी याच संत्र्यांवरून काढली, त्यामुळे ती या पाच वजनांच्या मधोमध बसते आणि फरक खऱ्यापेक्षा थोडे लहान दिसतात. ४ ने भागल्यावर ती तूट भरून निघते. ‘n वजा १’ हा नियम पाठ केला आणि हे कारण विसरलं, की पुढच्या सगळ्या चुका तिथून सुरू होतात. दर वेळी दोनच प्रश्न विचारायचे: एकमेकांपासून स्वतंत्र असे किती आकडे हातात होते, आणि त्याच आकड्यांवरून किती गोष्टी काढल्या?

फळं मोजली, झाडं विसरली

टी टेस्टमधली सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या प्रश्नात होते. समजा काटोलकडच्या एका बागेत आठ झाडं निवडली, चारांवर फवारणी केली, चार तशीच ठेवली. प्रत्येक झाडाची २५ संत्री तोलली. एकूण फळं २००, म्हणून डीएफ १९८ असं लिहून मोकळे होतात. पण एकाच झाडाच्या २५ फळांना पाणी तेच, माती तीच, खुंटही तोच. ती एकमेकांसारखी असणारच. आणि फवारणी फळावर वेगवेगळी नव्हती, झाडावर होती. म्हणून झाडांच्या सरासऱ्या घ्यायच्या.

फवारणीची झाडं: १५८, १६४, १५१, १६७, सरासरी १६०. बिनफवारणीची: १४९, १५७, १४६, १६०, सरासरी १५३. फरक ७ ग्रॅमचा. दोन्ही गटांच्या वर्गांच्या बेरजा १५० आणि १३०. आठ आकड्यांतून दोन सरासऱ्या काढल्या, म्हणून डीएफ ६. २८० भागिले ६ म्हणजे ४६.६७, स्टँडर्ड एरर ४.८३ आणि टी १.४५. डीएफ ६ साठी ५ टक्क्यांची मर्यादा २.४४७ आहे, म्हणजे एवढ्यावरून फवारणीचा परिणाम सिद्ध होत नाही.

तीच २०० फळं सुटी धरली आणि फळांच्या वजनाचं स्टँडर्ड डेव्हिएशन १५ ग्रॅम असेल, तर स्टँडर्ड एरर २.१२ वर येतो, टी ३.३० होतो आणि निकाल ‘सिग्निफिकंट’ ठरतो. बाग तीच, फळं तीच. फक्त मोजणी चुकली. डीएफ झाडांच्या संख्येपेक्षा मोठा दिसला, की ही चूक झाली असं समजा.

आर या सॉफ्टवेअरमध्ये हीच आठ मूल्यं `t.test` ला दिली तर डीएफ ५.९७ दिसतो. गडबडू नका. तिथे डिफॉल्ट वेल्चची पद्धत आहे, ती दोन्ही गटांचे व्हेरिअन्स समान धरत नाही, आणि तिचा डीएफ अपूर्णांकात येतो. इथे तो ३ आणि ६ च्या मधलाच येऊ शकतो. ६ हवे असतील तर `var.equal = TRUE` द्यावं लागतं, पण तसं द्यायला कारण असलं पाहिजे.

काय-स्क्वेअरमध्ये माणसं नाही, चौकटी मोजा

इथे गोंधळ वेगळा. १०० गिऱ्हाइकांना विचारलं म्हणून डीएफ ९९ होत नाही. समजा नागपुरात सीताबर्डीत ६० आणि इतवारीत ४० गिऱ्हाइकं घेतली. ५५ जणांनी मोठी फळं निवडली, ४५ जणांनी लहान. या बेरजा पक्क्या धरल्या आणि सीताबर्डीतले मोठी फळं घेणारे ३९ आहेत एवढं कळलं, की बाकी चौकटी वजाबाकीने भरतात: २१, १६ आणि २४. कागदावर करून पाहा, एकच चौकट मोकळी आहे. म्हणून सूत्र (ओळी − १) × (स्तंभ − १).

खुद्द कार्ल पिअरसन यांनी अशा दोन-बाय-दोन तक्त्याला डीएफ ३ धरला होता. अपेक्षित संख्या आपण तक्त्याच्याच बेरजांवरून काढतो, त्यामुळे तो १ च होतो, हे फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवलं. आपल्या तक्त्यात अपेक्षित संख्या ३३, २७, २२, १८ आणि काय-स्क्वेअर ६.०६. डीएफ १ ची मर्यादा ३.८४१, डीएफ ३ ची ७.८१५. म्हणजे निकाल इथे डीएफवरच उलटतो. आर मध्ये ६.०६ ऐवजी ५.०९ दिसलं तर डीएफ चुकलेला नाही. ती येट्सची दुरुस्ती आहे, `correct = FALSE` दिलं की ६.०६ येतं.

सॉफ्टवेअर जिथे चूक पकडत नाही अशी जागा म्हणजे गुडनेस ऑफ फिट. सहा गटांत पॉइसन वितरण बसवताना त्याची सरासरी तुम्ही याच डेटावरून काढली, तर डीएफ ६ − १ − १ = ४. `chisq.test` ला तुमची ही आधीची आकडेमोड ठाऊक नसते, ते ५ धरतं. मर्यादा ११.०७० नाही, ९.४८८ आहे. पी व्हॅल्यू `pchisq` ने स्वतः काढा.

रिग्रेशन: कोडचा आकडा झाला

२० बागांचं उत्पादन, पाऊस, खत आणि मातीचे चार प्रकार. चार प्रकारांना तीन गुणांक लागतात. इंटरसेप्ट १, पाऊस १, खत १, माती ३, एकूण ६. डीएफ १४. हे कागदावर आधी लिहून ठेवा, मग चालवा:

```r
summary(lm(utpadan ~ paus + khat + factor(mati), data = baga))
```

आउटपुटमध्ये `on 14 degrees of freedom` दिसायला हवं. १६ दिसलं तर `factor` राहिलं आहे: मातीचे १, २, ३, ४ हे कोड आर ने खरे आकडे मानले आणि चौथी माती पहिलीच्या ‘चौपट’ समजून एकच सरळ रेष ओढली. १४ पेक्षा कमी दिसलं तर खालची ओळ वाचा. `3 observations deleted due to missingness` असेल तर तीन बागांच्या नोंदी अर्धवट होत्या आणि त्या गुपचूप गळल्या. १५ दिसलं आणि एखाद्या गुणांकासमोर `NA` आलं, तर दोन स्तंभ एकच गोष्ट सांगत आहेत, उदाहरणार्थ एका मातीच्या सगळ्या बागांना नेमकं सारखंच खत आणि बाकीच्यांना दुसरं.

बागा सहाच असत्या तर याच मॉडेलचा डीएफ ० झाला असता. आर-स्क्वेअर १ आला असता, आणि स्टँडर्ड एररच्या जागी `NaN`.