आयत्या वेळी ट्रिपला नाही म्हणायचंय, तेही फ्रेंचमध्ये

फ्रान्सला शिकायला येणाऱ्यांसाठी लिहितेय, आणि डेल्फ ए२ ही फ्रेंचची परीक्षा देणाऱ्यांनाही उपयोग होईल, कारण तिथे लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात बऱ्याचदा आमंत्रणाला उत्तर द्यायचं असतं, किमान ६० शब्दांत, आणि त्यात कधीकधी नकार नि माफी असते.

समजा तुम्ही लिऑंला राहता, उद्या सकाळी मैत्रिणीबरोबर ट्रेनने आन्सीला जायचंय, रूम बुक आहे आणि आज तुम्हाला ताप भरला. आपल्या डोक्यात पहिलं वाक्य येतं ते ट्रिप कॅन्सल करतेय असं, म्हणजे 'जान्युल ल व्हवायाज'. व्याकरण बरोबर आहे, पण वाचणारीला वाटेल की अख्खी ट्रिपच गेली, रूमही सोडायची. तिला एकटीला किंवा दुसऱ्या कुणाला घेऊन जाता येणार असेल तर फक्त स्वतःबद्दल बोला: 'ज न प प्ल्यू व्हनीर', आता मला यायला जमणार नाही. यातला 'प्ल्यू' गाळू नका, त्यानेच कळतं की आधी नक्की येणार होते, आता परिस्थिती बदलली. आणि इथे 'प्ल्यू'च्या स्पेलिंगमधला शेवटचा एस उच्चारायचा नाही.

मी असा मेसेज लिहीन:

'साल्यू कामीय, ज स्वी व्रॅमाँ देझोले द त प्रेव्हनीर सी तार, मॅ ज न प प्ल्यू व्हनीर आ आन्सी दमँ. जे द ला फिएव्र दप्वी स मातँ. ज त पेय काँ मॅम मा पार द ला शाँब्र. जेस्पॅर क त्यू न माँ व्ह पा.'

म्हणजे इतक्या उशिरा कळवतेय त्याबद्दल खरंच सॉरी, उद्या आन्सीला यायला जमणार नाही, सकाळपासून ताप आहे, रूमचा माझा हिस्सा तरीही देते, रागावली नसशील अशी आशा आहे. माफी कशाची ते बघा, न येण्याची नाही तर उशिरा कळवण्याची, कारण मैत्रिणीला त्रास त्याचाच होतो. कारण एकच आणि एका ओळीत द्या, तीन-चार कारणं दिली की बहाणे वाटतात. पैशाचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते तिने विचारायच्या आधी तुम्ही लिहायचं.

'देझोले'नंतर क्रियापद आलं तर 'द' लावा, 'पुर' नको, म्हणजे 'देझोले दान्युले', कॅन्सल करतेय त्याबद्दल सॉरी. ट्रिप होऊन गेल्यावर माफी मागत असाल तर 'देझोले दाव्हवार आन्युले'. मुलगी लिहीत असेल तर 'देझोले'ला शेवटी एक ई जास्त, उच्चार तोच.

तिचं उत्तर 'पा द सुसी, स्वाञ् त्वा' आलं, म्हणजे काही हरकत नाही, काळजी घे, तर मेर्सी म्हणून थांबा, परत सॉरी सॉरी नको. नुसतं 'दोमाज' आलं तर तिला वाईट वाटलंय, मग 'ऑं रमे सा आँ मॅ?' म्हणून मे महिन्यात परत जाऊया का विचारा, आणि शक्यतो तारीखही सुचवा.