नोट्स लिहिताना गुण कुठे गळतात? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि मग एकदम इंग्रजी उताऱ्यावर नोट्स काढायला बसतात. उतारा समजत नाही म्हणून गुण जातात, असं त्यांना वाटतं. वह्या तपासताना मात्र वेगळंच दिसतं. उतारा बऱ्यापैकी समजलेला असतो, मांडणीत सगळं घसरतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. पीयूसीच्या इंग्रजी पेपरात चौकटींचा आराखडा दिलेला असतो. तिथे चौकटीत एक-दोन शब्द भरायचे असतात, अख्खं वाक्य कोंबायचं नसतं. सीबीएसईच्या अकरावीत आराखडाही तुम्हीच करायचा असतो. तिथे नोट्सना ५ गुण असतात: शीर्षकाला १, क्रमांक व मांडणीला १, संक्षेपांच्या यादीला १ आणि मुद्द्यांना २. सारांशाचे ३ गुण वेगळे, तोही सुमारे ५० शब्दांत. म्हणजे मजकुराला हात लावण्याआधीच ३ गुण निव्वळ शिस्तीचे आहेत. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

उदाहरण मुद्दाम मराठीत घेते, पेपरात अर्थातच इंग्रजीत लिहायचं. समजा उतारा असा आहे:

«मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे, सुमारे ७९२ मीटर उंचीवर उगम पावते. उगमाशी देऊळ आहे. सुमारे ३०४ किलोमीटर वाहत जाऊन ती कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे तिच्यावर धरण आहे. त्या पाण्यावर शेती होते आणि हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी मिळते. पट्टदकल आणि ऐहोळेची प्राचीन मंदिरे तिच्याच खोऱ्यात आहेत.»

बहुतेकांच्या वहीत «१. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात उगम पावते. २. उगमाशी देऊळ आहे. ३. ती कृष्णेला मिळते» अशी ओळीला ओळ उतरते. हा उताराच आहे, फक्त क्रमांक घातलेला. असं घडलंय का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे क्रियापद. नोट्समध्ये «आहे», «होते» दिसू लागलं, की तुम्ही वाक्य उचलताय.

दुसऱ्यांदा वाचताना परिच्छेद कशाकशाबद्दल आहे, एवढंच समासात पेन्सिलीनं लिहा. इथे तीन गोष्टी निघतात आणि त्याच तुमची उपशीर्षकं होतात:

मलप्रभा नदी: प्रवाह आणि उपयोग

१. प्रवाह
  १.१ उगम: कणकुंबी, खानापूर ता., उं. ७९२ मी.
  १.२ लां. ३०४ किमी
  १.३ शेवट: कूडलसंगम, कृष्णा
२. पाण्याचा वापर
  २.१ धरण: नविलुतीर्थ
  २.२ शेती
  २.३ पि.पा.: हुबळी-धारवाड
३. खोऱ्यातील प्राचीन मंदिरे
  ३.१ पट्टदकल
  ३.२ ऐहोळे

संक्षेप: ता. = तालुका, उं. = उंची, मी. = मीटर, लां. = लांबी, किमी = किलोमीटर, पि.पा. = पिण्याचे पाणी

उगमाचं देऊळ गाळलं, कारण त्याच्यावर पुढे काहीच उभं नाही. शीर्षकात वाक्य नाही, आणि नुसतं «मलप्रभा» म्हणूनही सोडलेलं नाही. आणखी एक पाहा: कुठल्याही उपशीर्षकाखाली एकटा मुद्दा नाही. १.१ लिहून १.२ येतच नसेल, तर तो मुद्दा वरच्या ओळीतच बसवा. आणि १.१ समासापासून थोडा आत सरकवला नाही, तर क्रमांक बरोबर असूनही मांडणीचा गुण धोक्यात येतो.

संक्षेपांत दोन टोकं दिसतात. काही मुलं मोबाईलवर मेसेज लिहितात तसे शब्द तोडतात, मग परीक्षकाला कोडं सोडवावं लागतं. काहीजण आधी घोकलेले चार संक्षेप यादीत लिहितात, पण नोट्समध्ये ते कुठेच नसतात! यादी नोट्समधूनच तयार व्हायला हवी. म्हणून ती शेवटी करा आणि प्रत्येक संक्षेपाखाली नोट्समध्ये रेघ मारून ताडून पाहा. निदान चार तरी हवेत. कणकुंबी किंवा ऐहोळे यांसारखी एकदाच येणारी नावं तोडू नका, त्यात काहीच वाचत नाही.

सारांशात सर्वात मोठी गफलत अशी, की मुलं परत उताऱ्याकडे वळतात आणि देऊळ पुन्हा आत शिरतं. सारांश लिहिताना उतारा झाका, समोर फक्त नोट्स ठेवा. इथे वाक्यं पूर्ण हवीत, संक्षेप आणि क्रमांक नकोत:

«मलप्रभा कणकुंबीला उगम पावून कूडलसंगमला कृष्णेत विलीन होते. वाटेत नविलुतीर्थच्या धरणात अडवलेलं पाणी शेतीला आणि हुबळी-धारवाडच्या नळांना मिळतं. पट्टदकल व ऐहोळेची प्राचीन मंदिरंही याच खोऱ्यात आहेत.»

इथे आकडे सोडलेत. उतारा लांब असेल तर ५० शब्दांत सगळे आकडे मावत नाहीत, आणि जो आकडा काढूनही मुद्दा उभा राहतो, तो आधी जातो. स्वतःचं मत मात्र एका शब्दानंही घालू नका. «म्हणून आपण नद्या वाचवल्या पाहिजेत» हे वाक्य कितीतरी सारांशांच्या शेवटी सापडतं, आणि ते उताऱ्यात कुठेच नसतं.