गटाचं बुकिंग पक्कं करताना व्हीलचेअरची माहिती कशी कळवावी

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल एका संग्रहालयात ठरली, तेव्हा मी फोनवर एवढंच विचारलं होतं, "व्हीलचेअर आत येते ना?" "येते की," असं उत्तर मिळालं. तिथे गेल्यावर दारात तीन पायऱ्या दिसल्या. 'येते' म्हणजे दोघं जण खुर्ची उचलून आत नेतात! आमच्यातल्या एका काकूंना अनोळखी माणसांनी असं उचललेलं नको होतं. त्या दीड तास बाहेर बसल्या. तेव्हापासून मी पुढच्या क्रमाने जाते.

आधी आपल्या माणसांना विचारा. कार्यक्रमभर ते स्वतःच्या व्हीलचेअरवरच बसणार, की साध्या खुर्चीवर सरकणार? सगळी बैठक यावर ठरते. व्हीलचेअरवरच बसणार असतील, तर रांगेच्या टोकाची खुर्ची काढून सुमारे 90 बाय 120 सेंटिमीटर जागा मोकळी लागते, आणि सोबतच्या माणसाची खुर्ची अगदी शेजारी. सरकून बसणार असतील, तर टोकाची खुर्ची हवी आणि घडी केलेली व्हीलचेअर हाताशी राहायला हवी, दूरच्या खोलीत नाही.

मग व्हीलचेअर मोजा. सर्वांत रुंद भाग बहुधा चाकांवरच्या कड्यांपाशी असतो. बऱ्याच व्हीलचेअर 60 ते 70 सेंटिमीटर भरतात. हात चालवायला जागा धरून दार 90 सेंटिमीटर असलेलं बरं. बॅटरीवर चालणारी असेल तर तसं आवर्जून सांगा. ती फार जड असते, उचलून नेणं हा पर्यायच नसतो.

बुकिंग पक्कं करतानाच लेखी कळवा. मी असा मेसेज पाठवते:

"शनिवारी सकाळी 11 वाजता आम्ही 24 जण येत आहोत. दोघांकडे व्हीलचेअर आहे, रुंदी 66 सेंटिमीटर. एक जण व्हीलचेअरवरच बसतील, एक जण खुर्चीवर सरकतील. कोणालाही उचलून नेता येणार नाही. गेटपासून बसण्याच्या जागेपर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत किती पायऱ्या आहेत? दारांची रुंदी किती? कृपया फोटो पाठवावेत."

"रॅम्प आहे" एवढ्यावर थांबू नका, त्याची लांबी विचारा. दर 1 सेंटिमीटर उंचीला 12 सेंटिमीटर लांबी हा नेहमीचा हिशेब. 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटिमीटर चढ, त्याला जवळपास साडेपाच मीटर रॅम्प लागतो. तिथे दोन मीटरची फळी टाकणार असतील, तर व्हीलचेअर मागे घसरण्याचा धोका आहे. दुसरं दार किंवा दुसरी जागा मागा.

आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. लिफ्ट चालू आहे का आणि उद्या गेटवर कोण असेल, एवढंच विचारायचं. तुमचा मेसेज ऑफिसात वाचलेला असतो. बाजूच्या दाराची किल्ली मात्र गेटवरच्या माणसाकडे असते, त्यामुळे त्याचं नाव आणि नंबर घेऊन ठेवा.